इटालियन घराचं वीज-प्रमाणपत्र आणि उपकरणांच्या पाट्या: मराठीत नेमकं काय लिहायचं?

केतकी_कोथरूड
नमस्कार मंडळी. इटलीत नोवाराला माझ्या बहिणीने आणि मेहुण्यांनी दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेतलाय. इमारत १९७८ची आहे. आधीच्या मालकाने विजेच्या कामाचा एक कागद दिला, वर 'दिकियारात्सिओने दि कोन्फोर्मिता' असं छापलंय, तारीख २०१४ची. सोबत शेगडीच्या आणि गॅस बॉयलरच्या पाट्यांचे फोटो आहेत. दोघांचं इटालियन बाजारहाटापुरतं आहे, म्हणून मी मराठीत करून देतेय. माझं इटालियन बरं आहे, पण वीज माझा विषय नाही.

आतापर्यंत केलेलं असं: "मी खाली सही करणारा जाहीर करतो की घराची वायरिंग कलेच्या नियमानुसार केलेली आहे." इथेच अडले. 'रेगोला देल्लार्ते'चं काय करायचं?

दुसरं म्हणजे कागदावर चौकटी आहेत. 'इन्तेसो कोमे' या शब्दांपुढे पाच पर्याय, त्यातल्या 'आम्प्लियामेन्तो'वर फुली आहे. कामाच्या वर्णनात हाताने लिहिलंय, इंडक्शन शेगडीसाठी वेगळी लाइन. त्याखाली तारेचा नंबर आणि 'मान्येतोतेर्मिको २० ए'. बॉयलरच्या पाटीवर २४ किलोवॉट आहे आणि बहिणीचं वीज कनेक्शन ३ किलोवॉटचं, त्यामुळे ती घाबरली आहे. जाणकारांनी मदत करावी.

दादरकर
'रेगोला देल्लार्ते' म्हणजे कलाबिला काही नाही. त्या त्या धंद्याच्या मान्य नियमांप्रमाणे केलेलं काम. "प्रचलित तांत्रिक नियमांनुसार" असं लिहा.

मिलानकर
हा कागद म्हणजे घराचं एनर्जी सर्टिफिकेट. ए४ पासून जी पर्यंत श्रेणी असते, बहिणीला श्रेणी बघायला सांगा. विकताना लागतंच ते.

जुना_वायरमन
मिलानकर, तो कागद वेगळा. त्याला 'आपे' म्हणतात. घर किती ऊर्जा खातं ते त्यात असतं आणि त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. केतकीताईंकडे आहे तो काम करणाऱ्या ठेकेदाराने दिलेला जाहीरनामा. तिथले वायरमन त्याला नुसतं 'दिको' म्हणतात. २२ जानेवारी २००८च्या मंत्रालयीन आदेश क्रमांक ३७ प्रमाणे तो निघतो. त्याआधी १९९०चा कायदा क्रमांक ४६ होता. आपल्याकडे नवं कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो, त्याच्या जवळपासची वस्तू. फरक एवढाच की इटलीत तो घरमालकाने जपून ठेवायचा आणि घर विकताना पुढच्याला द्यायचा.

ताई, 'रेगोला देल्लार्ते'चं दादरकरांनी बरोबर सांगितलं. पण तुमच्या वाक्यातली खरी गडबड पुढच्या शब्दात आहे. 'घराची वायरिंग' असं कागदात कुठेही नाही. मूळ शब्द 'इम्पियांतो' आहे, आणि हा इम्पियांतो कोणता ते वरच्या वर्णनाने आणि चौकटीने ठरतं. 'नुओवो इम्पियांतो'वर फुली असती तर पूर्ण नवी वायरिंग. 'त्रास्फोर्मात्सिओने' म्हणजे जुन्यात बदल. 'आम्प्लियामेन्तो' म्हणजे असलेल्यात वाढ. म्हणजे २०१४च्या ठेकेदाराने शेगडीची एक लाइन टाकली आणि त्या एका लाइनपुरती हमी दिली. बेडरूमचे पॉइंट, बाथरूमचा प्लग, मेन बोर्ड, कशाचीच नाही.

तुम्ही 'घराची वायरिंग' लिहिलंत तर बहीण समजेल की सगळं घर तपासलेलं आहे. १९७८च्या इमारतीत तसं समजणं धोक्याचं.

केतकी_कोथरूड
बापरे. हे लक्षातच आलं नव्हतं. मग 'इम्पियांतो'ला काय म्हणू? सरकारी मराठीत 'विद्युत संच मांडणी' आहे.

शब्दवेल्हाळ
'संच मांडणी' हाच योग्य शब्द. विद्युत निरीक्षकांच्या कागदात तोच असतो, आणि तो पूर्ण घराला लागतो तसा एका लाइनलाही लागतो. 'वायरिंग' म्हणजे फक्त तारा. इम्पियांतोमध्ये तारा, पेट्या, स्विच, प्लग, अर्थिंग सगळं येतं.

रानजाई
पण बहिणीला वाचून कळायला हवं ना? 'संच मांडणी' वाचून माझी आई विचारेल, कसला संच? 'विजेचं काम' लिहा. "खाली वर्णन केलेलं विजेचं काम प्रचलित तांत्रिक नियमांनुसार केलेलं आहे." साधं आणि चोख.

शब्दवेल्हाळ
घरी वाचण्यापुरतं असेल तर चालेल. पण उद्या कुठे दाखवायची वेळ आली तर?

दादरकर
दाखवायचा झाला तर इटालियन मूळ कागदच दाखवणार. नोवारात मराठी कोण वाचणार! समजण्यासाठी करायचंय तर रानजाईंचं वाक्य घ्या.

जुना_वायरमन
मीही रानजाईंच्या बाजूने. फक्त 'खाली' नाही, 'वर'. छापील फॉर्मवर वर्णन आधी येतं, जाहीर करण्याचं वाक्य नंतर.

आता फॉर्मचा पुढचा भाग सांगतो, कारण कागद पक्का की कच्चा ते तिथे कळतं. जाहीर करण्याच्या वाक्याखाली चार ओळी असतात आणि त्या प्रत्येकीपुढे चौकट. पहिली, आराखडा पाळला, तो कोणी केला त्याचं नाव. दुसरी, कोणतं तांत्रिक मानक पाळलं. घरगुती कामाला इथे 'चेई ६४-८' लिहिलेलं दिसायला हवं. तिसरी, जागेला साजेसं सामान वापरलं. चौथी, सुरक्षितता आणि चालू स्थिती तपासली, निकाल ठीक. त्यानंतर 'आल्लेगाती ओब्लिगातोरी', म्हणजे जोडायलाच हवेत असे कागद: आराखडा, वापरलेल्या सामानाची यादी, केलेल्या कामाची आकृती, आधीच्या जाहीरनाम्यांचा संदर्भ, ठेकेदाराच्या पात्रतेच्या दाखल्याची प्रत.

फुली असली म्हणजे कागद जोडलेला आहे असं नव्हे. बहिणीला सांगा, मागची पानं मोजून बघ. सामानाची यादी आणि आकृती नसेल तर नुसता पहिला कागद अर्धाच. आणि शेवटी दोन सह्या हव्यात, एक तांत्रिक जबाबदाराची शिक्क्यासह आणि एक जाहीर करणाऱ्याची. लहान फर्ममध्ये दोन्ही जागी एकच माणूस असतो, ते चालतं.

केतकी_कोथरूड
तपासलं. चारही ओळींवर फुली, चेई ६४-८ आहे, सह्या आहेत. सामानाची यादी एक पान, आकृती एक पान. 'रिफेरिमेन्तो आ दिकियारात्सिओनी... प्रेचेदेन्ती' ही ओळ कोरी आहे.

जुना_वायरमन
ती कोरी ओळ भाषांतरात कोरी म्हणूनच लिहा, गाळू नका. "आधीच्या जाहीरनाम्यांचा संदर्भ: दिलेला नाही." वाढीव काम करणाऱ्याने ज्याला जोडलं त्या जुन्या वायरिंगचा कागद असेल तर इथे नोंदवायचा असतो. नोंद नाही, म्हणजे २०१४मध्ये त्याच्यासमोर असा कागद आला नसणार. म्हणून बहिणीने विकणाऱ्याला मुख्य घराच्या कागदाबद्दल वेगळं विचारायला हवं.

मिलानकर
बरोबर, मी कागद चुकीचा ओळखला. पण एक नक्की, हा जाहीरनामा पूर्ण घराचा नसेल तर नोटरी खरेदीखतच करत नाही. व्यवहार झाला म्हणजे कागद असणारच कुठेतरी.

पावियाची_पाहुणी
तसं नाही. या कागदाशिवाय विक्री अडत नाही. २००८च्या आदेशात खरेदीखताला तो जोडण्याबद्दल कलम १३ होतं, ते त्याच वर्षी रद्द झालं. हल्ली खरेदीखतात दोघांच्या संमतीने लिहितात, वीज-गॅसची कामं नियमांप्रमाणे आहेत किंवा आहे त्या स्थितीत घेतली. बहिणीच्या खरेदीखतात 'इम्पियांती' शब्द शोधा. तिथे काय लिहिलंय त्यावर विकणाऱ्याकडे मागणी करता येईल का ते अवलंबून.

मिलानकर
आमच्या नोटरीने मागितला होता.

पावियाची_पाहुणी
मागतात बरेचजण, आणि मागावाच. मी फक्त बंधनाबद्दल बोलतेय.

सोलापूरची_चादर
तुम्ही सगळे कागदावर अडकलात. विषय २४ किलोवॉटचा आहे. ३ किलोवॉटच्या कनेक्शनवर २४ किलोवॉटचा बॉयलर कसा चालेल? थ्री फेज घ्यावं लागेल. २४,००० भागिले २३० म्हणजे शंभर अँपियरच्या वर जातं!

जुना_वायरमन
भागाकार बरोबर आहे, पण आकडा विजेचा नाही. केतकीताई, २४च्या आधी काय शब्द आहेत ते लिहा. आणि पाटीवर 'जी२०' दिसतंय का?

केतकी_कोथरूड
'पोर्ताता तेर्मिका नोमिनाले, क्यूएन २४,० केडब्ल्यू'. त्याखाली 'पोतेन्त्सा उतिले २३,४ केडब्ल्यू'. हो, 'जी२० २० एमबार' आहे. अगदी खाली '२३० व्ही ~ ५० एचझेड ९० डब्ल्यू'.

जुना_वायरमन
झालं तर मग. पोर्ताता तेर्मिका म्हणजे जळणाऱ्या गॅसमधून बॉयलरला मिळणारी उष्णता. पोतेन्त्सा उतिले म्हणजे त्यातली पाण्याला प्रत्यक्ष पोचणारी. जी२० म्हणजे पाइपाने येणारा नैसर्गिक वायू, २० मिलिबार हा त्याचा दाब. वीज फक्त शेवटच्या ओळीत, ९० वॉट: पंखा, पंप आणि आतला कंट्रोल बोर्ड. एका जुन्या मोठ्या बल्बइतकी. कनेक्शनला धक्काही लागत नाही.

भाषांतरात "उष्णता (गॅसमधून)" आणि "वीज" असे दोन वेगळे गट करा. इटालियनमध्ये पोतेन्त्सा हा शब्द दोन्हीकडे येतो, त्यामुळे नुसतं 'शक्ती २४ किलोवॉट' लिहिलं की वाचणारा सोलापूरकरांसारखाच विचार करणार. त्यांचा दोष नाही.

सोलापूरची_चादर
मान्य. गॅसचं लक्षात आलं नाही. थ्री फेजचा सल्ला मागे घेतो.

रानजाई
'पोर्ताता'चं एक सांगते. हा शब्द जागा बदलला की अर्थ बदलतो. बॉयलरवर उष्णता, पाण्याच्या पंपावर मिनिटाला किती लिटर, आणि तारेच्या बाबतीत किती अँपियर झेपतात ते. एकदा एक मराठी शब्द ठरवून सगळीकडे बसवू नका. एकक बघून ठरवा.

माझगावचा_मिक्सर
माझा प्रश्न थोडा वेगळा. म्हापशाला मित्राच्या कॅफेत इटालियन कॉफी मशीन आलंय, जुनं, दोन नळ्यांचं. पाटीवर 'पोतेन्त्सा ३.७०० डब्ल्यू'. पावणेचार वॉटमध्ये कॉफी कशी होईल? पाटी चुकली आहे का?

दादरकर
पाटी बरोबर. इटलीत हजारानंतर टिंब आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम, आपल्या उलट. ३.७०० म्हणजे तीन हजार सातशे. आणि ०,०३ म्हणजे शून्य दशांश शून्य तीन.

जुना_वायरमन
दादरकरांनी अगदी मोक्याच्या जागी बोट ठेवलं. मराठीत आपण हजाराला स्वल्पविराम देतो, म्हणून इटालियन आकडा जसाच्या तसा उतरवला की गोंधळ पक्का. '१,५' हे तारेचं माप पंधरा वाचलं जाऊ शकतं. भाषांतरात आकडे आपल्या पद्धतीने लिहा आणि शेजारी मूळ पाटीचा फोटो ठेवा.

म्हापशाच्या मशीनबद्दल: गोव्यातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे दाबाचा प्रश्न नाही. पण ३,७०० भागिले २३० म्हणजे सोळाच्या किंचित वर अँपियर. आपला मोठा प्लग १६ अँपियरचा. तासन् तास चालणाऱ्या मशीनला त्या प्लगवर ठेवू नका, पिना तापून काळ्या पडतील. वेगळी लाइन, २० किंवा २५ अँपियरचा एमसीबी आणि मशीनची केबल थेट आयसोलेटरला. पाटीवर '४०० व्ही ३एन ~' असाही पर्याय छापलेला असेल तर आतली जोडणी कोणत्या पद्धतीने केली आहे ते उघडून बघितल्याशिवाय चालू करू नका.

माझगावचा_मिक्सर
आभार. दोन्ही छापलंय पाटीवर. मित्राला थांबवतो.

केतकी_कोथरूड
आता शेगडी. पाटीवर '७,२ केडब्ल्यू, २२०-२४० व्ही'. सामानाच्या यादीत 'एन०७व्ही-के, ३ गुणिले १ गुणिले ४ एमएम वर्ग'. आकृतीत 'मान्येतोतेर्मिको सी२०' आणि त्याच्या वर 'दिफ्फेरेन्त्सियाले २५ ए', शेजारी आय, त्रिकोण, एन आणि '०,०३ ए'. मी दोन्हींना 'एमसीबी' लिहिलंय.

सोलापूरची_चादर
बरोबरच आहे, दोन्ही एमसीबीच. ओव्हरलोड झाला की पडतात.

जुना_वायरमन
इथे मात्र थांबा. मान्येतोतेर्मिको म्हणजे एमसीबी. जास्त करंट किंवा शॉर्ट झाला की पडतो, तारेला वाचवतो. दिफ्फेरेन्त्सियाले म्हणजे आरसीसीबी, जुन्या भाषेत ईएलसीबी. आत गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की पडतो, म्हणजे माणसाला वाचवतो. ०,०३ अँपियर म्हणजे ३० मिलिअँपियर, इतकी गळती झाली की तोडणार. तिथला २५ हा आकडा तोडण्याचा नाही, तो स्वतः किती करंट सुखरूप वाहू देतो त्याचा. साध्या आरसीसीबीवर ओव्हरलोड झाला तर तो पडत नाही. दोन्ही एकाच डब्यात असलेलेही येतात, त्यावर 'सी२०' आणि '०,०३' दोन्ही छापलेलं असतं. तुमच्या आकृतीत ते वेगळे आहेत.

बोलताना इटालियन लोक दिफ्फेरेन्त्सियालेला 'साल्वाविता' म्हणतात. मुळात ते एका कंपनीचं व्यापारी नाव, पण सगळ्यांच्या तोंडी तेच. वायरमन घरी आला आणि साल्वाविता म्हणाला तर बहिणीला कळायला हवं की तो टी बटणवाल्या स्विचबद्दल बोलतोय. ते टी बटण दाबलं की तो पडायला हवा. पडला नाही तर बदलायचा.

रानजाई
म्हणजे भाषांतरात "ओव्हरलोडचा स्विच (एमसीबी) २० अँपियर" आणि "गळतीचा स्विच (आरसीसीबी) ३० मिलिअँपियर". कुठला कशासाठी ते नावातच कळेल.

जुना_वायरमन
छान. असंच ठेवा.

आता शेगडीची बेरीज करू, कारण भाषांतर नुसतं शब्दांचं राहिलं तर बहिणीला उपयोग नाही. यादीतली तार म्हणजे तीन सुट्या तारा, प्रत्येकी ४ चौरस मिलिमीटर: फेज, न्यूट्रल, अर्थ. एमसीबी २० अँपियर. २० गुणिले २३० म्हणजे ४,६०० वॉट. शेगडी पूर्ण ताकदीने ७,२०० मागते, म्हणजे एकतीसच्या वर अँपियर. चारही चुली पूर्ण लावल्या की एमसीबी पडणार, पण त्याच्या आधी बहुतेक मीटरच तोडेल. ३ किलोवॉटच्या करारावर दहा टक्के सूट धरून ३.३ किलोवॉट सलग मिळतात. त्याच्या वर थोडा वेळ सहन करतं, मग बंद.

यावर उपाय शेगडीतच असतो. इंडक्शनच्या माहितीपुस्तकात 'लिमितात्सिओने दि पोतेन्त्सा' शोधा. बसवताना किंवा सेटिंगमध्ये शेगडीची एकूण ओढ ठरवता येते, टप्पे मॉडेलप्रमाणे वेगळे. ३ किलोवॉटच्या करारावर अडीच-पावणेतीनच्या आसपासचा टप्पा लावा, आणि फ्रीज, वॉशिंग मशीन, ओव्हन त्याच वेळी चालू असतील तर तेही मोजा.

केतकी_कोथरूड
मेहुणे म्हणतात करार ४.५ करून घेऊ आणि एमसीबी ३२चा बसवू, मग सगळ्या चुली चालतील.

जुना_वायरमन
करार वाढवा, त्याला हरकत नाही. एमसीबी मुळीच बदलू नका. २०चा स्विच त्या ४ मिलिमीटरच्या तारेसाठी बसवलाय. ३२चा लावला तर तार तापेल आणि स्विच गप्प बसेल. ३२साठी ६ मिलिमीटरची तार ओढावी लागेल, त्या कामाचा नवा दिको लागेल. शिवाय ४.५च्या करारावरही सात किलोवॉट मिळणारच नाहीत, ४.९५ मिळतील. तेव्हा शेगडी ४ किलोवॉटच्या आसपास बांधून ठेवा, आहे ती लाइन पुरते.

आणखी एक. वायरिंगला हात न लावता ३ वरून ४.५ केलं तर वीज कंपनीला दिको द्यावा लागत नाही. ६ किलोवॉटला पोचलं की मागतात. तेव्हा उरलेल्या घराचा प्रश्न डोक्यावर येईल.

पावियाची_पाहुणी
त्या उरलेल्या घराबद्दल: मार्च २००८च्या आधीच्या कामाचा दिको हरवला असेल किंवा कधी नसेलच, तर 'दिकियारात्सिओने दि रिस्पोन्देन्त्सा' नावाचा कागद निघतो. पाच वर्षं अनुभव असलेला नोंदणीकृत तंत्रज्ञ येऊन तपासतो आणि त्याच्या जबाबदारीवर देतो. त्या तारखेनंतरच्या कामाला हा मार्ग नाही.

मिलानकर
१९९०च्या आधीच्या घराला काहीच लागत नाही. मेन स्विच आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असला की कायद्याने घर ठीक. अर्थिंगही लागत नाही.

जुना_वायरमन
अर्धं बरोबर. १३ मार्च १९९०च्या आधीच्या घरगुती कामाला आदेशाच्या कलम ६मध्ये तशी सवलत आहे: सुरुवातीला तोडायची सोय आणि ओव्हरलोडचं संरक्षण, उघड्या भागाला हात लागणार नाही अशी व्यवस्था, आणि अर्थिंग नसेल तर निदान ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. पण कागदी 'पुरेसं' वेगळं आणि वॉशिंग मशीन वेगळं. अर्थ नसेल तर मशीनच्या पत्र्यावर आलेली वीज तशीच बसून राहते आणि कोणी हात लावला की मगच आरसीसीबी पडतो, त्या माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर. अर्थ असेल तर बिघाड झाला त्याच क्षणी पडतो. वॉशिंग मशीन, ओव्हन, शेगडी यांच्या पुस्तकातच अर्थ लागेल असं लिहिलेलं असतं.

पाटीवर एकात एक दोन चौकोन असतील तर ते उपकरण अर्थशिवाय चालतं. तो चौकोन नसेल आणि वायरला पिवळी-हिरवी तार असेल तर अर्थ हवाच.

मिलानकर
कायदा जे म्हणतो ते मी सांगितलं. बाकी तुमचं पटतं.

केतकी_कोथरूड
जुन्या प्लगना अर्थ आहे की नाही, बहिणीने कसं ओळखायचं? मधलं भोक तर सगळ्यांना आहे.

जुना_वायरमन
मधलं भोक असून मागे तार नसणं हा १९७०च्या दशकातल्या घरातला नेहमीचा प्रकार. कोणीतरी फक्त पुढचा तुकडा बदललेला असतो. बहिणीने स्वतः उघडू नये. वायरमनला बोलावून प्रत्येक प्लगपाशी अर्थची सलगता मोजून घ्यावी आणि अर्थचा रोध किती तेही मोजून लिहून मागावा. शहरातल्या साध्या घरगुती कनेक्शनला तिथे अर्थ इमारतीची स्वतःची असते, वीज कंपनीची नाही, त्यामुळे इमारतीचा जमिनीत पुरलेला अर्थचा दांडा शाबूत आहे का हे इमारतीच्या प्रशासकाकडेही विचारावं लागेल. फ्लॅटच्या दिकोमध्ये ते येत नाही.

दादरकर
वायरमनला विचारायचे प्रश्न इटालियनमध्ये लिहून दिले तर बहिणीचं काम सोपं होईल.

पावियाची_पाहुणी
मी देते. "ला तेर्रा आर्रीवा आ तुत्ते ले प्रेसे?" म्हणजे अर्थ सगळ्या प्लगपर्यंत पोचते का? "क्वान्तो मिसूरा ला तेर्रा?" म्हणजे अर्थचा रोध किती येतो? "पुओ फारे ला रिस्पोन्देन्त्सा?" म्हणजे तो दुसरा कागद तुम्ही देऊ शकता का? शेवटच्याला बरेच वायरमन नाही म्हणतील. लहान घरात फर्मचा पाच वर्षांचा तांत्रिक जबाबदार देऊ शकतो, पण जबाबदारी अंगावर येते म्हणून टाळतात.

शब्दवेल्हाळ
तो कागद करून घ्यावा की आधी वायरिंगच बदलावी?

पावियाची_पाहुणी
मोजमाप आल्यावरच ठरेल. अर्थ नसेल तर मी तरी वायरिंग बदलून नवा पूर्ण दिको घेईन.

जुना_वायरमन
मी उलट म्हणेन. मोजणीत नळ्या मोकळ्या निघाल्या तर नुसती अर्थची तार ओढूनही भागतं, भिंती फोडाव्या लागत नाहीत. बघूनच सांगता येईल.

केतकी_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारलेला मजकूर टाकते, बघा:

"कामाचा प्रकार: असलेल्या विजेच्या कामात वाढ (पूर्ण घर नव्हे). वर्णन: इंडक्शन शेगडीसाठी स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा, ओव्हरलोडचा स्विच २० अँपियर, गळतीचा स्विच ३० मिलिअँपियर. वर वर्णन केलेलं काम प्रचलित तांत्रिक नियमांनुसार, चेई ६४-८ मानक पाळून केलं आहे आणि तपासणीत ठीक निघालं आहे. आधीच्या जाहीरनाम्यांचा संदर्भ: दिलेला नाही. लाइनची मर्यादा ४,६०० वॉट, शेगडी ७,२०० वॉट, म्हणून शेगडीची ओढ मर्यादित करावी. बॉयलर: गॅसमधून उष्णता २४ किलोवॉट, वीज ९० वॉट."

जुना_वायरमन
चांगलं झालंय. लाइनची मर्यादा आणि शेगडीचं वाक्य मूळ कागदात नाही, तेव्हा ते "भाषांतरकाराची टीप" म्हणून वेगळं लिहा, नाहीतर बहिणीला वाटेल ठेकेदारानेच ते लिहून दिलंय. आणि सह्यांच्या वर एक ओळ असते, 'देक्लीना' ने सुरू होणारी. दुसऱ्या कोणी छेडछाड केली किंवा देखभाल झाली नाही तर ठेकेदार जबाबदार नाही, असं त्यात आहे. तीही उतरवा. मेहुण्यांनी स्वतः एमसीबी बदलला तर ठेकेदार नेमकी तीच ओळ दाखवेल.

केतकी_कोथरूड
ती ओळ राहिलीच होती. आता घालते, आणि मेहुण्यांना आधी तीच वाचून दाखवते.